पोपटांचा पलंग

पवनारहून वर्ध्याकडे निघालं की डाव्या हाताला टिनाचं एक शेड लागतं. त्यावर पाटी आहे, "जुनं सागवान फर्निचर. घेऊ, नवं करू, विकू." ही पाटी वर्षालीने स्वतः रंगवली, म्हणून 'विकू' शेवटी अंग चोरून बसलंय. जागा पुरली नाही. लोक हसतात, आणि हसता हसता थांबतात. थांबलं की गिऱ्हाईक झालंच, असं तिचं म्हणणं.

धंदा तसा सरळ. आजकाल घरोघरी प्लायवूडचा पेटीपलंग आणायची हौस. तो आला की जुना सागवानी पलंग जातो गोठ्यात. त्यावर ढेपेची पोती, खताच्या गोण्या, कोंबड्यांची बसकण. एक दिवस घरातल्या सुनेचा पाय त्याला ठेचकाळतो आणि ती म्हणते, काढा बाप्पा हा धोंडा घरातून. तो धोंडा वर्षाली उचलते. नवरा धीरज टेम्पो चालवतो, त्याच टेम्पोतून. मग लहानू मिस्त्री पलंग खोलतो. आधी उकळतं पाणी खाचाखाचांतून, कारण ढेकूण म्हणजे सागवानापेक्षा चिवट जात. मग हिरव्यानिळ्या ऑइलपेंटचे तीन-तीन थर रिमूव्हर लावून पत्र्याच्या पातीने खरवडायचे. भुंग्याने पाडलेल्या भोकांत सुईने औषध सोडायचं, भोकं लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने बुजवायची, जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग अगदी मऊ. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने चढवायची, हात न थांबवता. हात थांबला की डाग पडला. वर्षालीचा हात थांबत नाही. बत्तीस वर्षांची बाई, बारकी, पण पॉलिशला बसली की उठवायची कुणाची टाप नाही.

आणि प्रत्येक पलंगाच्या फळीखाली ती सुताराच्या पेन्सिलीने लिहून ठेवते. गाव, घर, आणला तो दिवस. लहानू मिस्त्री चिडवायचा, "पलंगाची जन्मपत्रिका काढून राह्यली का वं?" ती म्हणायची, "काढतो ना. उद्या कोणी विचारलं तं?"

विचारायचे खरंच. पण गिऱ्हाईक विचारायचं ते वेगळंच. बाई पलंगावरून हात फिरवणार, ठोकून बघणार, वास घेणार, आणि मग आवाज खाली आणून, "याच्यावर कोणी गेलं तं नाई ना?"

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक. माणूस जायला लागला की त्याला पलंगावर ठेवत नाहीत. खाली घेतात, सारवलेल्या भुईवर. तोंडात पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. भुईला टेकून गेला तर त्याचा जीव सुटला म्हणायचं. पलंगावर गेला तर त्याचाही जीव अडकला आणि पलंगही बिघडला. म्हणून वर्षाली पलंग घेताना विचारायची, "खाली घेतलं होतं ना?" आणि घरवाले म्हणायचे, "हाव, हाव, खाली घेतलं होतं." दोन वर्षांत एकाही घराने दुसरं उत्तर दिलं नाही. एवढ्या सगळ्या घरांत सगळे कसे अगदी वेळेवर खाली आले, हा प्रश्न वर्षालीच्या मनात यायचा, आणि ती त्याला हाकलून लावायची. खरं सांगायचं तर तिला उत्तर नकोच होतं.

यंदा उन्हाळ्यात मोठं काम आलं. शेजारच्या गावात सामूहिक विवाह ठरला, सहा जोडपी, आणि समितीच्या शोभाबाईंनी ठरवलं की आंदणात प्लायवूड द्यायचं नाही. "पावसाचं पाणी लागलं का फुगते ते. दोन वर्षांत भुसा. पोरींले टिकणारं द्या." शोभाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघितलं तरी माणूस पाठ सरळ करतो. सहा पलंगांचं काम त्यांनी वर्षालीला दिलं. सहा पलंग सहा गावांत जाणार, सहा घरांतले पाहुणे बघणार. या कामावर शेड उभं राहणार होतं. आणि हे काम नीट गेलं नाही तर दोन वर्षांची मेहनत, नाव, सगळं त्या शेडासकट उठणार होतं. वर्षालीला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

दोन महिने खपून सहा पलंग उभे राहिले. त्यातला एक सगळ्यांत देखणा. डोक्याकडच्या पाटावर समोरासमोर दोन पोपट कोरलेले, मधे आंब्याचा घोस. रोहण्याच्या किसनरावांचा. एका पोपटाची चोच तुटली होती. लहानू मिस्त्री म्हणाला, "पोपट छिलून टाकू. साफ पाट करू. ओळखीचं नक्षीकाम ठेवू नये पोरी, लोक ओळखतात." जुन्या मालाच्या धंद्यातला हा पक्का नियम. पण वर्षालीला पोपट आवडले. तिने सागवानाचा इवलासा तुकडा घेऊन स्वतः चोच कोरली आणि बसवली. चांगली बसली. इथेच चुकलं.

लग्न रविवारी. पलंग बुधवारीच समाजमंदिरात नेऊन मांडले, लोकांना बघायला. गुरुवारी एक पाहुणी आली, मीराबाई, रोहण्याची, एका नवऱ्या मुलीची मावशी. पोपट बघितले आणि तिने गालावर हात मारून घेतला. "अवं माय! हा तं किसनरावाचा पलंग! याच्यावरच गेला तो बुढा. मी बाजूलेच राहतो, मले माहीत नाई का?"

संध्याकाळपर्यंत एकाचे सहा झाले. सहाही पलंगांवर कोण कोण गेलं याच्या कहाण्या तयार, वय आणि आजारासकट. नवऱ्या मुलींच्या आया समितीकडे धावल्या. एकीने तर सांगितलं, खालीच झोपतील पोट्टे, पण हे नको.

शुक्रवारी सकाळी शोभाबाई शेडवर आल्या. उभ्याच राहिल्या. "वर्षाली, मी लोकांचं ऐकून काम काढून घेणारी नाही. पण उद्या दुपारी चार वाजता मारोतीच्या पारावर ये. सगळ्या आया येतील. नारळावर हात ठेवून सांग, या पलंगांवर कोणी गेलेलं नाही. तू सांगितलंस की विषय संपला. नाही सांगता आलं, तर सहाही परत ने."

त्या गेल्या. लहानू मिस्त्रीने बिडी पेटवली आणि म्हणाला, "ठेव हात. नारळ काय बोलते?"

"अन् गेला असंन तं?"

"तं तो गेला. तुह्यं काय गेलं? पोट भरून राह्यली ना त्याच्यावर? मंग."

धीरजही हळूच म्हणाला, "किसनरावाच्या पोरानं सांगतलं होतं ना, खाली घेतलं होतं म्हणून. तू त्याचंच सांगून राह्यली. खोटं त्याचं, तुह्यं नाई."

वर्षालीने हातातला बोळा फेकला. "मी दोन वर्षांपासून हेच करून राह्यली! कान उघडे, डोकं बंद. लोक सांगतात आन् मी ऐकतो. आता बस. मी जातो रोहण्याले. आधी मले कळू द्या, मंग पाहू नारळाचं."

"आजच? दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पलंगाले शेवटचा हात द्याचा राह्यला," लहानू मिस्त्री म्हणाला.

"तो तुमी द्या," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

उन्हाचा कडाका. दोन बस बदलून ती रोहण्याला उतरली तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. किसनरावांचं घर तिला ठाऊक होतं, पाच महिन्यांपूर्वी पलंग इथूनच उचललेला. मुलगा अंकुश आणि सून बाजाराला गेले होते. घरात किसनरावांची बायको देवकाबाई एकटीच, ओसरीवर सूप घेऊन बसलेली, तुरीची डाळ पाखडत. सत्तरी ओलांडलेली बाई. हाताच्या काड्या झालेल्या, पण सूप लयीत.

"काकू, ओळखलं का? मी वर्षाली. पलंगवाली."

"ओळखलं ना बाई. बस. पाणी घे." आणि पाणी पिऊन होत नाही तोच, "चांगला झाला का तो? कोणाकडे गेला?"

वर्षालीला वाटलं होतं आडून विचारू. पण त्या प्रश्नाने तिचा सगळा आडपडदाच गळून गेला. तिने सरळ सांगितलं. विवाह, पोपट, मीराबाई, नारळ, सगळं. "काकू, मले तुमाले त्रास नाई द्याचा. पण उद्या मले नारळावर हात ठेवाचा हाये. खाली घेतलं होतं ना त्याईले?"

देवकाबाईंचं सूप थांबलं. बराच वेळ त्या डाळीतला एकच खडा शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगणाचं दार लोटून घे."

वर्षालीने दार लोटलं.

"कापसाचे दिवस होते. सारे वावरात. दुपारची वेळ. मी भाकर घेऊन गेली तं त्याईनं डोळे फिरवले. मले समजलं. मी म्हटलं, उठा, खाली या. पण उठते कुठचे? मी काखेत हात घालून पाह्यलं. पाय धरून पाह्यलं. माणूस मोठा हाडाचा, बाई. माह्यानं नाई उचललं गेलं." त्यांचा आवाज कोरडाच होता. "मीराबाईले हाका मारल्या. तीन हाका मारल्या. तिचा टीव्ही चालू होता. ते माह्याकडे पाहत होते. खाली पाहत, मंग माह्याकडे पाहत. त्याईले खाली याचं होतं. आन् मी उभी. बावन्न वर्सं संसार केला आन् त्याईची एवढी एक गोष्ट माह्यानं झाली नाई."

वर्षालीने सूप उचलून बाजूला ठेवलं.

"गेल्यावर गादीले धरून ओढलं. गादीसकट खाली आले. तोंडात पाणी घातलं, तं ते बाहेर आलं. मंग मीराबाई आली, मंग सारे आले. मी सांगतलं, खाली घेतलं होतं. पण खाली घेतलेल्या माणसाखाली गादी नसते. मीराबाईनं पाह्यलं ते. अंकुशले मात्र आजपावतो माहीत नाई. त्याले वाटते बापाचा जीव सुटला." देवकाबाईंनी वर्षालीचं मनगट धरलं. बोटांत काही जोर नव्हता तरी ते घट्ट वाटलं. "तू नारळाचं काहीही कर. खरं सांग का खोटं सांग. पण पोराले कळलं तं तो मले काही म्हणणार नाई, आन् तेच मले नाई सोसणार."

"नाई सांगणार काकू," वर्षाली म्हणाली. "कोणालेच नाई."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि ती रडली. म्हातारीसाठी रडली, आणि स्वतःच्या रागानेही. किती सोपं विचारायची ती, "खाली घेतलं होतं ना?" जणू खिळे काढले होते का, तसं. एका बाईने आयुष्यभराचं दुखणं दाताखाली धरून पोराच्या "हाव"ला मान हलवली होती आणि हिने खुशाल पलंग टेम्पोत चढवला होता.

पण रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. खोटी शपथ ती घेणार नव्हती. खरं सांगणार नव्हती. आणि पलंग परत नेणार नव्हती. सहाच्या सहा तर मुळीच नाही. पुलगाव येईपर्यंत तिने डोळे पुसले, आणि वर्धा येईपर्यंत काय करायचं ते ठरलं होतं.

घरी पोचल्याबरोबर तिने धीरजला सांगितलं, "आपला पलंग खोल."

"कोणता?"

"आपला. झोपतो तो."

तो तिचा आंदणाचा. तिच्या बापाने लग्नात दिलेला, नऊ वर्षांचा, साधा, नक्षी नाही की काही नाही, पण सागवान असं, की नखही रुतत नाही. त्यावर तिची पोरगी रांगली होती. धीरज म्हणाला, "अवं, हा तुह्या बाबाचा."

"म्हणून तं. याची शपथ मी डोळे उघडे ठेवून घेऊ शकतो. पाना आण."

धीरजने पाना आणला. या माणसाचं एक बरं आहे, तो वाद घालतो पण पाना आणतो.

शनिवारी सकाळी लहानू मिस्त्रीने तो पलंग बघितला आणि कपाळाला हात लावला. पण मग तोही बसला. दुपारपर्यंत दोघांनी जुनं पॉलिश घासलं, सैल झालेला सांधा गोंद लावून ठोकला, लाखेचे तीन हात चढवले. तिसरा हात वाळतोय न वाळतोय तोच टेम्पो निघाला.

मारोतीचा पार भरला होता. समाजमंदिरातले सहाही पलंग पारासमोर आणून मांडले होते. आया, मावश्या, दोन-चार पुरुष लांब उभे राहून बघणारे. एका ताटात नारळ, कुंकू. शोभाबाई मधे. मीराबाई अगदी पुढे, पदर खोचून.

"बोल वर्षाली," शोभाबाई म्हणाल्या.

"मी हात नाई ठेवणार," वर्षाली म्हणाली, आणि गलका उठला. ती थांबली नाही, आवाज वाढवला. "कारण मी नव्हती तथी! मी लोकायचं ऐकून पलंग घेतला. ऐकलेल्या गोष्टीवर नारळावर हात ठेवाचा नसते. पण ज्याईच्या घरचे पलंग, त्याईले तुमीच विचारा. फळीखाली गाव आन् घर लिहेल हाये. फोन नंबर माह्याजवळ हाये. लावा."

शोभाबाईंनी चष्मा नीट केला. लावा म्हणजे लावाच. पहिला पलंग उलटा केला, पेन्सिलीचं लिहिलेलं वाचलं, आणि फोन स्पीकरवर. पहिल्या घरच्या सुनेने सांगितलं, सासरे नागपूरला दवाखान्यात गेले, पलंगाचा काय संबंध? दुसऱ्या घरी एक म्हातारा फोनवर आला आणि प्रश्न ऐकून असा भडकला की पारावरचे कावळे उडाले. "कोण मेला? मी? मी जित्ता हाओ अजून! कोण सांगतलं तुमाले? पलंग सुनेनं विकला, मले विचारलं बी नाई!" पार हसून लोटपोट. तिसरीकडे सांगितलं, आईला खाली घेतलं होतं, पण ती पुरे दोन दिवस खाली राहिली आणि तिसऱ्या दिवशी चहा मागून मग गेली. चौथा आणि पाचवा पलंग नुसते पाहुण्यांसाठी ठेवलेले, त्यावर कुणी धड झोपलंही नव्हतं. एकेका फोनबरोबर एकेका आईचा चेहरा सैल होत गेला.

"आता सहावा," शोभाबाई म्हणाल्या. "पोपटांचा."

"त्याले फोन नोका लावू," वर्षाली म्हणाली. "तो मी देत नाई. त्याच्या बदल्यात हा." तिने टेम्पोकडे बोट केलं. धीरज आणि लहानू मिस्त्री पलंग उतरवत होते. "हा माह्या आंदणाचा. माह्या बाबानं देल्ला. नऊ वर्सं मी याच्यावर झोपली. याच्यावर कोणी गेलं नाई. याच्यासाठी आणा नारळ." आणि कुणी म्हणायच्या आत तिने हात ठेवलाही.

ज्या रीनासाठी पोपटांचा पलंग होता तिची आई उठली, जवळ आली, पलंगावरून हात फिरवला. बोट लाखेला किंचित चिकटलं. "ओला हाये," ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "आमाले चालते."

पण मीराबाई कुठली सोडते. तिची मावशीगिरी वाया चालली होती. "म्हणजे मी म्हटलं ते खरंच ना? सांग ना सरळ! खाली घेतलं होतं का नाई किसनरावाले?"

सगळे वर्षालीकडे बघायला लागले. वर्षाली पारावरून उतरली आणि मीराबाईच्या अगदी जवळ गेली. एवढी जवळ की पुढचं बाकी कुणाला ऐकू जाऊ नये. "मीराबाई, तुमी बाजूलेच राहता ना? देवकाबाईनं त्या दिवशी तुमाले तीन हाका मारल्या. तुमचा टीव्ही चालू होता."

मीराबाईने खोचलेला पदर हळूच सोडला. शोभाबाईंनी विचारलं, "काय झालं मीराबाई?" तर ती म्हणाली, "काही नाई. माह्यीच चूक झाली. मले काही माहीत नाई." आणि मागे जाऊन बसली. शोभाबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एवढी वर्षं वर्गात बसलेल्या पोरांचे चेहरे वाचलेली बाई ती. काय समजायचं ते समजली असावी. त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि रविवारी सहा पलंग सहा घरी गेले.

पोपटांचा पलंग वर्षालीच्या घरी आला. तो चढवताना चौघं लागले, धीरज, लहानू मिस्त्री, आणि रस्त्यावरून बोलावलेले दोघे. लहानू मिस्त्री पडवीत धापा टाकत म्हणाला, "याच्यावर झोपता येईन तुले?"

"काऊन नाई? दमली म्हणजे कुठंबी झोपतो मी." आणि झोपलीही. पहिल्या दिवशी भीती वाटली, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी पोरीने पोपटांना नावं ठेवली, तेव्हापासून नाही वाटली.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, शेडसमोर रिक्षा थांबली. आतून आधी मीराबाई उतरली. मग तिने हात देऊन देवकाबाईंना उतरवलं. मीराबाई वर्षालीच्या नजरेला नजर देत नव्हती, पण म्हातारीचा हात तिने सोडला नव्हता.

"पवनारले आश्रमात आलतो," देवकाबाई म्हणाल्या. "मीराबाई म्हणे, चल, मी नेतो. रोजच येते आजकाल. मी म्हटलं, पलंग पाहून घेऊ." मग जरा थांबून, "अंकुशले सांगतलं मी. सारं. मीराबाईच म्हणे, सांग, मी संग बसतो. तो काही बोलला नाई. माह्या पायाशी बसून राह्यला."

वर्षालीने त्यांना घरात नेलं. पलंग बघून देवकाबाई दारातच थांबल्या. लाकूड मधासारखं झालं होतं. त्यांनी पोपटावरून बोट फिरवलं, नव्या चोचीवर थांबवलं. "ही तं तुटेल होती."

"मी बसवली."

"त्याईच्यानंच तुटली होती. लगन झालं त्याच वर्सी. ते बसवतो बसवतो म्हणत राह्यले." आणि मग, कशासाठी कोण जाणे, त्यांनी पलंगाचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि उचलायला गेल्या. पलंग तसूभर हलला नाही. पुन्हा जोर लावला. नाही.

"काकू, सोडा," वर्षाली म्हणाली. "चौघं लागले आमाले. चार धडधाकट माणसं. जाणारा माणूसबी असाच लाकडासारखा जड होते."

देवकाबाई वळल्या. "चौघं?"

"चौघं."

"मंग माह्यानं एकटीनं कसं झालं असतं?"

"नसतंच झालं, काकू. कोणाच्यानंच नसतं झालं."

देवकाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एवढ्या महिन्यांत आले नव्हते त्या हुंदक्यांनी त्या रडायला लागल्या, आणि दारात उभी असलेली मीराबाई, न बोलावता, आत येऊन त्यांच्या बाजूला बसली.